आधी फोटो पुसू नका

फोन भरला की माणूस पहिला हात फोटोंना घालतो. चिपळूणच्या बाजारपेठेत मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर बसून मी हे रोज बघतो. गिऱ्हाईक फोन पुढे सरकवतं आणि म्हणतं, “निम्मे फोटो उडवले हो, तरी ‘स्टोरेज फुल’च सांगतोय.” फोटो दिसतात, म्हणून ते पुसले जातात. जे दिसत नाही ते मात्र निवांत बसून राहतं. प्रवासासाठी उतरवलेले नकाशे, कधीतरी ऐकू म्हणून साठवलेले पॉडकास्ट, वाचायला घेतलेली पुस्तकं हा सगळा ऐवज गॅलरीत नसतो, फाइल मॅनेजरमध्येही बहुधा सापडत नाही. तो त्या त्या अ‍ॅपच्या पोटात असतो.

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला चाळीतल्या बिऱ्हाडासारखी आपापली कुलूपबंद खोली मिळते. एका बिऱ्हाडाला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. 2020 साली आलेल्या अँड्रॉइड 11 पासून ही कुलपं आणखी घट्ट झाली, त्यामुळे पूर्वी फाइल मॅनेजरमधून जे थोडंफार दिसायचं तेही दिसेनासं झालं. सुरक्षिततेसाठी हे चांगलंच आहे. फक्त त्याचा अर्थ असा की ‘क्लीनर’ म्हणून मिरवणारं एखादं अ‍ॅप घेतलं, एक बटण दाबलं आणि सगळं साफ झालं, असं होत नाही. खोली ज्याची, त्याच्याकडूनच ती आवरून घ्यावी लागते.

एका गिऱ्हाइकाचा फोन मला या बाबतीत नमुना म्हणून नेहमी आठवतो. हे गृहस्थ औषध कंपनीचे एमआर. खेड, दापोली, गुहागर, देवरुख, लांजा, राजापूर असा त्यांचा फिरता पट्टा, आणि मीटिंगसाठी कोल्हापूर. दिवसाचे कितीतरी तास गाडीत, त्यात घाट आले की रेंज जाते. त्यामुळे नकाशा, कानाला काहीतरी ऐकायला आणि डॉक्टरांच्या केबिनबाहेर ताटकळताना वाचायला पुस्तक, या तिन्ही गोष्टी त्यांनी फोनमध्ये उतरवून ठेवलेल्या. फोन 64 जीबीचा. आदल्या रात्री बसून त्यांनी मुलीच्या कॉलेजातल्या समारंभाचे आणि केरळच्या सहलीचे फोटो पुसले होते. तरीही सकाळी कॅमेरा उघडला की जागा नाही, आणि अ‍ॅपचे अपडेट ‘पेंडिंग’वर अडकलेले.

फोटो पुसूनही जागा का झाली नाही, हे आधी सांगतो. गॅलरीतून पुसलेला फोटो लगेच जात नाही. तो Trash मध्ये जातो आणि तिथे महिनाभर तरी राहतो. जागा तेवढीच अडलेली असते, फक्त फोटो नजरेआड होतो. त्यांना वाटलं फोन बिघडला. मी म्हटलं, “सर, फोटो अजून आहेत. त्यांना हात लावू नका, आपण दुसरीकडून जागा काढू.” ते काउंटरसमोरच्या स्टुलावर बसले आणि आम्ही एकेक अ‍ॅप उघडत गेलो.

सुरुवात Settings → Storage → Apps इथून करायची. कंपनीगणिक शब्द थोडे बदलतात, पण आकारमानानुसार लावलेली अ‍ॅपची यादी मिळते. अ‍ॅपच्या नावावर टिचकी मारली की तीन आकडे दिसतात: App size, User data आणि Cache. पहिला आकडा अ‍ॅपचा स्वतःचा, तिसरा तात्पुरत्या पसाऱ्याचा. उतरवलेला माल असतो तो मधल्या आकड्यात. पुष्कळ लोक Clear cache दाबतात आणि काहीच हललं नाही म्हणून हताश होतात. हलणारच नाही, कारण नकाशा किंवा पॉडकास्ट हा कॅश नव्हेच. तुम्ही मागून घेतलेला तो माल आहे आणि फोन तो आपणहून टाकत नाही.

मग चिडून माणूस शेजारचं Clear storage दाबतो, आणि इथे खरी गडबड होते. ते बटण त्या अ‍ॅपची खोली पार रिकामी करतं. नको असलेल्या नकाशांबरोबर हवे असलेले जातात. पॉडकास्टच्या अ‍ॅपमध्ये तुमची सगळी वर्गणीची यादी, कुठला भाग कितपत ऐकला याची खूण, सगळं पुसलं जातं, त्याची नक्कल खात्यावर नसेल तर कायमचं. म्हणून मी हा पडदा फक्त वजनकाट्यासारखा वापरतो. कुठे किती वजन आहे ते बघायचं आणि बाहेर यायचं. काटछाट करायची ती अ‍ॅपच्या आत शिरून.

एमआर साहेबांच्या यादीत व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यात वर होतं, ते सगळ्यांचंच असतं. त्याच्या खालोखाल पॉडकास्टचं अ‍ॅप, साडेसहा जीबी. पुढे ऑडिओबुकचं, मग Google Maps, त्यात User data जवळजवळ अडीच जीबी. किंडल अगदी तळाशी. ते म्हणाले, “पुस्तकं शंभराच्या वर आहेत, तीच काढू आधी.” मी त्यांना थांबवलं. पुस्तकांकडे शेवटी यायचं होतं.

नकाशापासून सुरुवात केली. Google Maps मध्ये वर कोपऱ्यात आपला फोटो असतो, त्यावर टिचकी मारली की Offline maps सापडतं. तिथे प्रत्येक नकाशा, त्याचं नाव आणि आकारमान. त्यांच्याकडे सहा नकाशे निघाले. घरचा, म्हणजे चिपळूणच्या आसपासचा, 310 एमबी. कोल्हापूर–बेळगाव 390. गोवा 180. मुंबई–पुणे 620. केरळ 540. आणि भाचीच्या लग्नाला गेले होते तेव्हाचं हैदराबाद, 260.

या आकड्यांकडे जरा निरखून बघितलं की एक गंमत कळते. नकाशाचं वजन क्षेत्रफळावर ठरत नाही, त्यात किती रस्ते, इमारती, दुकानं आणि नावं भरली आहेत यावर ठरतं. आपल्या कोकणपट्टीचा चौकोन आखला की निम्मा भाग अरबी समुद्रात जातो, आणि समुद्राला वजन जवळपास नसतं. उलट त्याच चौकोनाची कड पुण्याच्या अंगावर सरकली की आकडा झपाट्याने चढतो. म्हणजे सर्वात जड नकाशे शहरांचे, आणि शहरात रेंज भरपूर. शिवाय ऑफलाइन नकाशा फक्त गाडीचा रस्ता दाखवतो. चालण्याचा रस्ता, बस, लोकल यांचा पत्ता नसतो आणि वाहतूक कुठे तुंबली आहे तेही कळत नाही. मुंबई-पुण्यात तर नेमकं तेच हवं असतं. ज्याची गरज सगळ्यात कमी, तेच फोनमध्ये सगळ्यात जड होऊन बसलेलं.

“मग केरळ? सहल तर कधीच झाली,” ते म्हणाले. “तो आपोआप जायला हवा होता ना?” ऑफलाइन नकाशाला मुदत असते हे खरं आहे. पण Offline maps च्या सेटिंगमध्ये Auto-update offline maps चालू असलं की मुदत संपायच्या आधी वायफायवर तो नकाशा स्वतःला ताजा करून घेतो. घरी वायफाय आलं, रात्री फोन चार्जिंगला लागला, आणि केरळची मुदत पुढे ढकलली गेली. एका सहलीसाठी घेतलेला नकाशा असाच वर्षानुवर्षं तरुण राहतो. म्हणून सहलीहून परत आल्यावर तो हातानेच काढायचा: नकाशापुढचे तीन ठिपके, मग Delete.

मुंबई–पुणे, केरळ, गोवा आणि हैदराबाद काढले. सोळाशे एमबी, म्हणजे दीड जीबीहून थोडी जास्त जागा झाली. उरले घरचा आणि कोल्हापूरचा. हे दोन पुरेसे आहेत का, याची परीक्षा काउंटरवरच घेता येते. विमान मोड चालू करायचा आणि चिपळूण ते कोल्हापूर रस्ता विचारायचा. विमान मोडमध्येही जीपीएस चालतं, त्यामुळे आपण कुठे आहोत ते कळतं. पण रस्त्याचा मधला एखादा तुकडा कुठल्याच चौकोनात बसत नसेल तर रस्ता निघत नाही. आमचा निघेना. आंबा घाटाजवळची एक चिंचोळी पट्टी दोन्ही नकाशांच्या मधे सुटली होती. चार नको असलेले नकाशे जपले होते आणि जिथे रेंज हमखास जाते ती पट्टीच नव्हती. दुकानाच्या वायफायवर घरचा नकाशा थोडा पूर्वेकडे वाढवून पुन्हा उतरवला, 40 एमबी वाढले, आणि रस्ता सरळ निघाला. काटछाट करताना ही परीक्षा घ्यावी, नाहीतर जागा मिळते आणि घाटात नकाशा मिळत नाही.

आता पॉडकास्ट. इथे हिशेब सोपा आहे आणि तो कळला की अर्धं काम होतं. साधारण 128 केबीपीएस दर्जाचा आवाज मिनिटाला जवळपास एक एमबी घेतो. अर्ध्या तासाचा भाग म्हणजे तीसेक एमबी. एकटा भाग काहीच नाही. पण त्यांनी पाच कार्यक्रमांना आपोआप उतरण्याची परवानगी दिलेली, त्यातले बहुतेक रोजच्या बातम्यांचे. रोज पाच अर्धे तास धरले तर दीडशे एमबी, महिन्याला साडेचार जीबी. रोज गाडीत तेवढे तास जायचे, पण फोन यायचे, डॉक्टरांची वेळ व्हायची, ऐकणं मागे पडायचं. उतरणं मात्र कधी मागे पडत नाही.

त्यांचा प्रश्न रास्त होता. “ऐकून झालेलं पुसायचं सेटिंग मी केलंय की. मग साठतंय कसं?” आम्ही अ‍ॅपमधली उतरवलेल्या भागांची यादी उघडली. एकाखाली एक भाग, आणि बहुतेकांपुढे जवळजवळ पूर्ण भरलेली पट्टी. म्हणजे ऐकलेले होते, पण अगदी शेवटपर्यंत नाही. कार्यक्रम संपत आला, आभारप्रदर्शन आणि जाहिरात सुरू झाली की माणूस पुढच्या भागावर जातो. अ‍ॅपच्या दृष्टीने तो भाग अजून चालू आहे, ऐकून झालेला नाही. त्यामुळे ‘ऐकल्यावर पुसा’ हा नियम त्याला लागूच होत नाही. असे भाग महिनोन्‌महिने पडून राहतात.

यावर उपाय अ‍ॅपमध्येच असतो. त्यांच्याकडे होतं AntennaPod. त्यात Smart mark as played असं एक सेटिंग आहे. शेवटची ठरावीक सेकंदं उरली असली तरी भाग ऐकला असं धरायचं, असा त्याचा अर्थ. ते लावलं. पाचातल्या चार कार्यक्रमांचं आपोआप उतरणं बंद केलं, आणि एकच ठेवला, जो ते सकाळी निघताना न चुकता ऐकतात. मग यादीतले जुन्या बातम्यांचे भाग सरसकट निवडून पुसले. शिळ्या बातमीसाठी जागा अडवायचं कारणच नाही. दोन-तीन मुलाखती आणि एक इतिहासाची मालिका त्यांनी राखून ठेवायला सांगितली, ती राखली. साडेसहा जीबीमधले पाचाहून जास्त मोकळे झाले.

याच कामासाठी कुणी स्पॉटिफाय वापरत असेल तर तिथे Settings मध्ये साठ्याचा भाग बघावा. डाउनलोड किती आणि कॅश किती हे वेगवेगळं दाखवलेलं असतं. तिथलं Clear cache डाउनलोडला हात लावत नाही. Remove all downloads मात्र पॉडकास्टबरोबर गाणीही काढतं, म्हणून सरसकट ते दाबण्याऐवजी लायब्ररीत Downloaded निवडून एकेक काढावं. आणखी एक गोष्ट. गूगलचं पॉडकास्टचं स्वतंत्र अ‍ॅप 2024 मध्ये बंद झालं. जुन्या फोनवर अशी बंद पडलेली अ‍ॅप अजून सापडतात. सेवा बंद झाली म्हणून त्यांनी अडवलेली जागा सुटत नाही, आपण अ‍ॅप काढेपर्यंत ती तशीच राहते.

शेवटी पुस्तकं. किंडलमध्ये त्यांची शंभरावर पुस्तकं होती आणि सगळी मिळून तीनशे एमबीसुद्धा नव्हती. नुसत्या मजकुराची कादंबरी एक-दोन एमबीत बसते. एक अर्ध्या तासाचा पॉडकास्ट काढला की पंधरावीस कादंबऱ्यांची जागा होते. म्हणून किंडलला हात लावायचं कारण नव्हतं. तरी कुणाला काढायचंच असेल तर पुस्तकावर बोट दाबून धरल्यावर येणारे शब्द नीट वाचावेत. फोनमधून काढणं वेगळं आणि खात्यातून कायमचं काढणं वेगळं. पहिल्यात पुस्तक खात्यावर राहतं आणि केव्हाही परत उतरवता येतं, दुसऱ्यात ते जातं.

जड होती ती दुसरी दोन प्रकारची पुस्तकं. पहिली ऐकायची. ऑडिओबुक कमी दर्जाच्या आवाजात, 64 केबीपीएसला असलं, तरी बारा तासांचं पुस्तक साडेतीनशे एमबी खातं. त्यांच्याकडे अशी चार ऐकून झालेली पुस्तकं पडून होती. ती अ‍ॅपमधून काढली. खात्यावर ती आहेतच.

दुसरी पुस्तकं म्हणजे स्कॅन केलेल्या पीडीएफ. स्कॅन हा मजकूर नसतो, पानापानाचा फोटो असतो, त्यामुळे दोनशे पानांची पीडीएफ सहज शंभर एमबीच्या घरात जाते. त्यांच्याकडे कंपनीची उत्पादनांची जाडजूड पुस्तिका होती, तीही तीनदा. एक व्हॉट्सअ‍ॅपवर ऑफिसच्या ग्रुपमध्ये आलेली, दुसरी त्यांच्या साहेबांनी वेगळी पाठवलेली, तिसरी मेलमधून उतरवलेली. वाचायला ते ReadEra वापरायचे. असं अ‍ॅप फोनमधल्या फाइली फक्त उघडून दाखवतं, त्या असतात Download फोल्डरमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमध्ये. म्हणजे नकाशाच्या बरोबर उलटा प्रकार. इथे अ‍ॅप काढून टाकलं तरी पुस्तकं फोनमध्येच राहतात. ही एकच जागा अशी की जिथे फाइल मॅनेजर कामाला येतो. Files by Google मध्ये एकसारख्या फाइली वेगळ्या काढून दाखवतात. एक प्रत ठेवली, दोन काढल्या. आणि मग त्या अ‍ॅपचा Trash उघडून तोही रिकामा केला, कारण तिथेही पुसलेली फाइल महिनाभर थांबते.

पुस्तकांच्या बाबतीत एक जपायचं असतं, ते म्हणजे खुणा आणि टिपणं. विकत घेतलेल्या किंडल पुस्तकातल्या खुणा खात्यावर जातात. स्वतःच्या फाइली वाचायच्या अ‍ॅपमध्ये त्या बहुधा फोनवरच असतात. त्यांनी औषधांच्या पुस्तिकेत डोसच्या तक्त्यांवर रंगीत खुणा केल्या होत्या, म्हणून तीनपैकी खुणा असलेली प्रत कुठली हे उघडून पाहूनच आम्ही बाकीच्या काढल्या.

सगळं मिळून साडेआठ जीबीच्या आसपास जागा झाली, एकही फोटो न काढता. मग गॅलरीचा Trash उघडला. आदल्या रात्री पुसलेले फोटो तिथे होते. समारंभाचे आणि सहलीचे निवडून Restore केले. ते म्हणाले, “म्हणजे मी काल रात्री तीन तास उगाच बसलो.” मी म्हटलं, “उगाच नाही सर, नको असलेले स्क्रीनशॉट तरी गेले. ते परत घेऊ नका.”

आयफोनवाल्यांसाठी दोन शब्द. Settings → General → iPhone Storage मध्ये अशीच यादी मिळते. तिथलं Offload App लोकांना फसवं वाटतं. ते अ‍ॅप काढतं, पण त्याचा साठवलेला डेटा ठेवतं. साठा मोठा आणि अ‍ॅप लहान असेल, तर त्याने हाती फारसं लागत नाही. अ‍ॅपलच्या पॉडकास्टसाठी Remove Played Downloads हे सेटिंग चालू आहे का ते बघावं, आणि उतरवलेले भाग अ‍ॅपमध्ये जाऊन काढावेत.

गिऱ्हाइकांना मी शेवटी एकच निकष देतो. पुसायच्या आधी विचारा, हे मला परत मिळेल का? नकाशा परत मिळतो, पॉडकास्ट परत मिळतो, विकत घेतलेलं पुस्तक परत मिळतं. फोटो मिळत नाही, टिपणं मिळत नाहीत. परत मिळणारं आधी काढा, अ‍ॅपच्या आत जाऊन काढा, आणि आपोआप उतरण्याचं सेटिंग बंद केल्याशिवाय बाहेर येऊ नका. ते चालू राहिलं तर महिन्याभरात फोन पुन्हा भरतो, आणि पुन्हा फोटोंवरच गदा येते.